टी-शर्ट गेला, माणूस तोच राहिला

भाच्याच्या लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो हवा होता. त्याचा एकुलता एक बरा फोटो निघाला गच्चीवरचा. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय, संध्याकाळचं ऊन डावीकडून येतंय, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून मांडीवर ठेवली आहेत, चेहऱ्यावर अगदी त्याचं म्हणावं असं हसू आहे. आणि अंगात काळा, गोल गळ्याचा, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट.

"मामा, फक्त कपडे बदलून दे. बाकी काही सुधारू नकोस, नाहीतर पोरगी भेटल्यावर मला ओळखणार नाही."

ही अट ऐकायला सोपी आहे. कपडे बदलायचे, चेहरा, बसण्याची ढब आणि हात जसेच्या तसे. चित्र तयार करणाऱ्या आजच्या मॉडेलांना टी-शर्टच्या जागी क्रीम कुडता रंगवायला दहा सेकंद लागतात. उरलेला सगळा वेळ जातो तो बाकीचं काही बदलू न देण्यात.

या कामाला इनपेंटिंग म्हणतात. फोटोच्या काही भागावर आपण मास्क लावतो. पांढरा भाग पुन्हा रंगवायचा, काळा भाग राखायचा. मी हे स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलवर, AUTOMATIC1111 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेब-यूआयमध्ये करतो. इतर साधनांत बटणांची नावं वेगळी असतील, पण अडचणी त्याच असतात.

आधी आत काय घडतं ते पाहू, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच येतात. मॉडेल तुमच्या फोटोवर थेट काम करत नाही. फोटो आधी आक्रसून एका लहान, सांकेतिक रूपात जातो. त्याला लेटंट म्हणतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये मूळ फोटोतला ८ गुणिले ८ पिक्सेलांचा चौकोन लेटंटमधलं एक घर होतो. म्हणजे ७६८ बाय १०२४ चा फोटो आत ९६ बाय १२८ घरांचा असतो. त्या घरांत ठरावीक प्रमाणात गोंधळ, म्हणजे नॉइज, मिसळतात आणि मॉडेल टप्प्याटप्प्याने तो गोंधळ पुसत नवं चित्र घडवतं. मास्कबाहेरच्या घरांत दर टप्प्याला मूळ फोटोच पुन्हा भरला जातो, त्यामुळे तो भाग जागेवर राहतो. शेवटी लेटंट पुन्हा फुलवून फोटो करतात.

गोम या आक्रसण्या-फुलवण्यात आहे. भाच्याच्या फोटोत एक डोळा साधारण ३० पिक्सेल रुंद होता. म्हणजे लेटंटमध्ये जेमतेम चार घरं. मास्क त्या डोळ्याला शिवलाही नाही, तरी नुसत्या या जा-ये करण्यात पापणीची कड, बुबुळातली चमक, दातांमधली रेघ किंचित हलते. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. पण त्याच्या आईला कळतं. माझ्या बहिणीने पहिला प्रयत्न पाहून एवढंच म्हटलं, "हा त्याच्यासारखाच दिसतोय." तोच आहे असं नाही म्हणाली.

म्हणून चेहरा "राखला" असं मानायचं ते एकाच अटीवर: शेवटच्या चित्रात चेहऱ्याचे मूळ पिक्सेल पुन्हा चिकटवलेले हवेत. वेब-यूआय हे स्वतः करतं. मास्कबाहेरचा भाग ते मूळ फोटोतून उचलून वर ठेवतं. ComfyUI या दुसऱ्या साधनात मात्र तुम्ही त्यासाठी वेगळा नोड जोडला नाही, तर फुलवलेलं चित्र तसंच बाहेर येतं आणि चेहरा नकळत बदललेला असतो. कोडने काम करत असाल तर हे पाच ओळींचं काम आहे:

```python
from PIL import Image
mool  = Image.open("mool.png").convert("RGB")
navin = Image.open("navin.png").convert("RGB")
mask  = Image.open("mask.png").convert("L")
Image.composite(navin, mool, mask).save("antim.png")
```

तिन्ही चित्रं एकाच मापाची हवीत. नवं चित्र वेगळ्या मापाचं निघालं तर हा कोड चालतच नाही, आणि ते ताणून जुळवलं तर राखण्यासारखं काही उरत नाही. म्हणून मी फोटो आधीच ७६८ बाय १०२४ ला कापून घेतला आणि ते माप शेवटपर्यंत हलवलं नाही.

आता मास्क. नवशिके इथे एक सहज चूक करतात, मीही केली: जुन्या कपड्याच्या कडेने नीट मास्क काढला. टी-शर्ट जिथे संपतो तिथे मास्क संपला. निकाल काय, तर क्रीम रंगाचा टी-शर्ट. गळा गोल, बाह्या कोपराच्या वर, खालची कड कमरेला. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या वर्णनात, कितीही वेळा कुडता लिहा, मॉडेलला जागाच टी-शर्टच्या आकाराची दिली असेल तर ते तरी काय करणार? मास्क म्हणजे नव्या कापडाला दिलेली जमीन. ती नव्या कपड्याच्या मापाने मोजायची.

कुडत्याला पूर्ण बाह्या असतात. म्हणजे उघडे असलेले दोन्ही हात, कोपरापासून मनगटापर्यंत, मास्कमध्ये घ्यायला हवेत. ती कातडी झाकली जाणार आहे. कुडता सैल असतो, म्हणून खांद्याच्या आणि दंडाच्या बाहेरची बोटभर पार्श्वभूमीही मास्कमध्ये हवी, नाहीतर कापडाला फुगायला वाव मिळत नाही. कुडता गुडघ्याकडे उतरतो, म्हणजे जीन्सचा मांडीवरचा भागही आला. गळ्याशी उलट: कॉलर उभी, म्हणून मानेचा खालचा दोन बोटं भाग घेतला, पण हनुवटीच्या सावलीच्या बराच खाली थांबलो.

उलट दिशेचं काम याहून अवघड असतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट काढून अर्ध्या बाह्यांचा घालायचा, तर कापडाखालचा हात मॉडेलला मनाने काढावा लागतो. तो हात कुणाचातरी असतो, पण फोटोतल्या माणसाचा नसतो. केस, तीळ, मनगटाची जाडी, सगळं कल्पनेतलं. जास्त झाकणारा कपडा घालणं म्हणून तुलनेने सोपं आणि प्रामाणिकही. (आणि झाकलेलं उघडं करण्यासाठी हीच युक्ती दुसऱ्याच्या फोटोवर वापरणारे लोक आहेत. ते कोडं सोडवायला मी मदत करत नाही. फोटो ज्याचा, परवानगी त्याची.)

मग हात. गुंफलेली बोटं या पांढऱ्या प्रदेशाच्या ऐन मधोमध काळ्या बेटासारखी होती. खाली काळा टी-शर्ट आणि निळी जीन्स. बेटाची कड थोडी बाहेर ठेवली, तर बोटांभोवती जुन्या कपड्याची तीन-चार पिक्सेलांची काळी किनार राहते. क्रीम कुडत्यावर ती स्केचपेनने गिरवल्यासारखी दिसते. कड आत घेतली, तर बोटाची बाजू मास्कमध्ये जाते आणि मॉडेल ती "दुरुस्त" करायला धावतं. तिथूनच सहावं बोट उगवतं. सहाव्या बोटाचे विनोद आता जुने झालेत, पण गुंफलेल्या हातांत ते अजून निघतं, कारण तिथे कुठलं बोट कुठल्या हाताचं हे माणसालाही दोनदा पाहावं लागतं.

मी निवडला तो उपाय असा. ब्राउझरमधल्या जाड ब्रशऐवजी मास्क जिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये, ४०० टक्के मोठा करून काढला आणि `Inpaint upload` मधून चढवला. बोटांपाशी कड एक-दोन पिक्सेल आत घेतली, म्हणजे काळी किनार नक्की जाईल. दोन बोटांच्या फटीतून दिसणारा टी-शर्टचा त्रिकोण विसरायचा नाही. तोही पांढरा केला. बोटांकडची कड धारदार ठेवली आणि बाहेरची, म्हणजे खांद्याकडची, पार्श्वभूमीकडची कड हाताने मऊ केली. साधनाचं `Mask blur` सगळीकडे सारखंच मऊ करतं. आधीपासून ठरलेलं ४ ठेवलं तर खांद्याला ते छान असतं, पण बोटांना ते खातं. म्हणून तिथे १ केलं. मॉडेलने बोटांची कड थोडी बिघडवलीच, तर शेवटी मूळ हात वरच्या थरात परत ठेवायचा, हे आधीच ठरवून टाकलं.

मॉडेलही इनपेंटिंगसाठी घडवलेलं घ्यावं. साध्या मॉडेलला भोक कुठे आहे हे माहीत नसतं; ते पूर्ण चित्र रंगवत राहतं आणि बाहेरचा भाग दर वेळी त्याच्यावर लादला जातो. इनपेंटिंगच्या मॉडेलला मास्क आणि मास्कबाहेरचा स्वच्छ फोटो, दोन्ही वेगळे दाखवले जातात. त्यामुळे मनगटाशी बाही कुठे संपवायची, हे ते समोर असलेल्या हाताकडे पाहून ठरवू शकतं. फरक नेमका अशा सांध्यांवर दिसतो.

प्रॉम्प्टमध्ये नुसता कपडा लिहू नका, जे राहणार आहे तेही लिहा. मी लिहिलं ते हे:

```
photo of a man sitting on a chair, hands clasped in lap,
loose cream cotton kurta, full sleeves, stand collar,
soft evening light from left
```

मॉडेलला मराठी जवळजवळ येत नाही आणि आपल्या कपड्यांची समजही तुटपुंजी असते. कुडता येतो. बंडी म्हटलं तर काय येईल सांगता येत नाही, नेहरू जॅकेट म्हटलं तर येतं. नऊवारीच्या नादाला मी दोनदा लागलो. दोन्ही वेळा पुढे निऱ्या आणि मागे काहीतरी परकराच्या जातीचं निघालं. साडीत आणखी एक गुंता असतो: पदर खांद्यावरून जातो, केस पदरावर येतात आणि हात पदराच्या पुढे असतो. म्हणजे तीन थर, आणि मास्कला थर कळत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची कळ, `Denoising strength`. जुन्या चित्रात किती गोंधळ मिसळायचा ते ती ठरवते. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे जुन्याचा जवळपास मागमूस नाही. टप्पेही त्या प्रमाणात चालतात: २० टप्पे सांगितले आणि ०.७५ ठेवलं, तर प्रत्यक्षात साधारण १५ चालतात. थोडा गोंधळ बारीक गोष्टी पुसतो, पण मोठे, पसरट रंग तसेच ठेवतो. म्हणूनच काळ्यावरून क्रीम करणं इतकं चिवट असतं. माझे प्रयत्न असे गेले. ०.५ ला काळपट राखाडी कुडता, गळा अजून गोलच. ०.७५ ला कॉलर उभी राहिली, बाह्या मनगटापर्यंत आल्या, पण रंग भिजलेल्या मातीसारखा. ०.९५ ला हवा तो क्रीम रंग आला आणि त्याबरोबर डावा कोपर चार बोटं बाहेर सरकला. बसलेला माणूस आता खुर्चीला रेलल्यासारखा वाटू लागला, आणि मूळचं मनगट नव्या बाहीच्या टोकाला जुळेना. बाही एकीकडे, हात दुसरीकडे.

म्हणजे रंगासाठी आकडा वाढवावा, तर ढब जाते. ढबीसाठी कमी करावा, तर रंग राहतो. दोन्ही एकाच कळीवर टांगलेलं आहे. सुटका होते ती ढब दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवून, आणि ते काम कंट्रोलनेट करतं. २०२३ मध्ये आलेली ही जोडणी मूळ फोटोतून एक सांगाडा काढते आणि मॉडेलला रंगवताना तो पाळायला लावते.

सांगाडे अनेक प्रकारचे असतात. मी आधी डेप्थ घेतला, म्हणजे कॅमेऱ्यापासून कुठला भाग किती लांब, याचा करडा नकाशा. कोपर जागेवर आला. पण कुडता अंगाला चिकटला, जणू पावसात भिजून आलाय. कारण विचार केल्यावर कळतं: त्या नकाशात टी-शर्टचा आकार आणि उघड्या हाताची गोलाई दोन्ही नोंदलेले होते. नवं कापड त्यांच्यावर वर्खासारखं चढलं. बाही तर हाताचीच कातडी क्रीम रंगवल्यासारखी.

मग ओपनपोझ घेतला. तो फक्त सांधे टिपतो: खांदा, कोपर, मनगट, आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. कापड त्याला माहीतच नाही. काडीभोवती बाही किती सैल असावी हे मॉडेल स्वतः ठरवतं. वजन, म्हणजे सांगाडा किती काटेकोर पाळायचा ते, ०.८ ठेवलं, `Denoising strength` ०.९५ च, आणि कोपर न हलता सैल कुडता आला. अंगावरचा जुना कपडा आणि नवा कपडा एकाच घाटाचे असतील, शर्टावरून शर्ट, तर डेप्थ चांगला. घाट बदलत असेल तर ओपनपोझ. सैल कोटावरून घट्ट कपड्यावर जाताना डेप्थ वापरलात तर उलटी गंमत होते: कपडा घट्ट दिसतो, पण माणूसच दुप्पट रुंद होतो.

एक बारीक गोष्ट. `Inpaint area` मध्ये फक्त मास्कचा भाग मोठा करून रंगवण्याची सोय असते. कापडाची वीण त्याने छान येते. पण मास्कभोवती किती पिक्सेल दाखवायचे, ते मुळात ३२ असतात, आणि तेवढ्यात मॉडेलला माझ्या फोटोत हनुवटीसुद्धा धड दिसत नव्हती. डोकं न दिसणाऱ्या धडाला ते मान कशीही लावतं. १२८ केल्यावर अर्धा चेहरा चौकटीत आला आणि कॉलर मानेभोवती नीट वळली.

एका वेळी आठ चित्रं काढली. निवडताना कुडत्याकडे पाहिलंच नाही, मनगटांकडे पाहिलं. सहा चित्रांत बाही मनगटावर येऊन सपाट कापल्यासारखी थांबत होती. दोन चित्रांत बाहीच्या तोंडाची आतली सावली मनगटावर पडल्यासारखी दिसत होती. त्यांतलं एक घेतलं. त्यात समोरच्या पट्टीवर बटणं वेडीवाकडी होती, पण ती दुरुस्ती किरकोळ: फक्त पट्टीवर छोटा मास्क, `Denoising strength` ०.४, दोन प्रयत्न.

तपासायला एक खात्रीचा मार्ग आहे. मूळ फोटो आणि नवा फोटो जिंपमध्ये एकावर एक ठेवायचे आणि वरच्या थराची पद्धत `Difference` करायची. जिथे दोन्ही सारखे, तिथे निव्वळ काळं. कुडत्याची जागा उजळलेली दिसेल, चेहरा आणि बोटं काळीकुट्ट दिसायला हवीत. चेहऱ्याच्या जागी नाक-डोळ्यांच्या पुसट रेघा दिसल्या, तर मूळ पिक्सेल परत आलेले नाहीत. अंधूक रेघ चटकन डोळ्यांत येत नाही, म्हणून दोन्ही थर एकत्र करून उजेड वाढवून पाहायचं. माझा चेहरा, म्हणजे भाच्याचा, पूर्ण काळा होता. उजव्या करंगळीच्या कडेला एक उजळ धागा होता. तिथे मॉडेलने करंगळी किंचित जाड केली होती. मूळ हात वरच्या थरात घेतला, फक्त त्या कडेपुरता वर आणला, मिटलं.

एवढं सगळं जमूनही फोटो कुठेतरी खोटा वाटत होता. बराच वेळ मी मनगटं, कॉलर, बटणं पाहत बसलो. दोष तिथे नव्हताच. दोष हनुवटीखाली होता. काळा टी-शर्ट उजेड गिळतो, म्हणून मूळ फोटोत जबड्याच्या खालची बाजू दाट सावलीत होती. क्रीम कुडता अंगात असता, तर उन्हाचा थोडा उजेड त्याच्यावरून उसळून वर, हनुवटीखाली पडला असता. चेहरा जसाच्या तसा राखला म्हणजे जुन्या कपड्याने त्या चेहऱ्यावर टाकलेला उजेडही राखला. लाल शर्टाचं तर याहून वाईट: शर्ट जातो, पण गळ्यावरची लाली मागे राहते.

इथे "चेहऱ्याला हात लावायचा नाही" हा नियम मी जाणूनबुजून मोडला, पण मॉडेलच्या हातून नाही. मॉडेलला हनुवटी दिली असती तर त्याने जबडाच नवा केला असता. जिंपमध्ये जबड्याखालच्या सावलीवर मऊ कडेची निवड केली आणि कर्व्ह्जने तेवढाच भाग हलका उजळला, किंचित पिवळटपणाकडे नेला. आकार एका पिक्सेलनेही हलला नाही, फक्त उजेड बदलला. बोटांच्या खालच्या बाजूलाही तेच, पण त्याहून कमी.

भाच्याने फोटो पाहिला, मोठा केला, हात पाहिले, परत लहान केला. "कुडता कुणाचाय?" म्हणाला. बहिणीने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, तोच आहे, फक्त असा कुडता त्याच्याकडे नाही, आता मुलगी पाहायला जाण्याआधी घ्यावा लागेल.